आभाराची यादी

आमच्या महाविद्यालयात शेख महंमद श्रीगोंदेकर यांच्या ‘योगसंग्राम’वर एक दिवसाचे चर्चासत्र होते. आभारप्रदर्शन माझ्याकडे आले. आदल्या दिवशी समन्वयक मॅडमनी हातात कागद ठेवला, सत्तावीस नावांचा. शेवटी नेहमीची ओळ : ‘आणि सर्व ज्ञात-अज्ञात व्यक्ती.’

घरी घड्याळ लावून वाचले. पदव्या आणि पदे धरून सात मिनिटे लागली. बेगम म्हणाली, “हे आभार नाहीत, हजेरी आहे.”

माणसांचे आभार न मानणाऱ्याने अल्लाहचेही मानले नाहीत, अशा अर्थाची हदीस अब्बा नेहमी सांगत. पण नाव वाचले म्हणजे आभार मानले का? पेन्सिल घेऊन प्रत्येक नावापुढे लिहू लागलो, ‘यांनी नेमके काय केले?’ नऊ नावांपुढे काहीच सुचेना. ती केवळ पदामुळे आली होती.

मग नवी मांडणी केली. बाहेरगावच्या तिन्ही पाहुण्यांची नावे घ्यायचीच. उच्चार आणि पद त्यांना विचारून. प्रत्येकाच्या नावाखाली एक ओळ कोरी ठेवली, त्यांचे भाषण ऐकताना भरायला. संस्थेसाठी अध्यक्षांचे नाव आणि एक वाक्य. समित्यांचा उल्लेख कामाने, आणि पूर्ण यादी दारातल्या फलकावर. आधीच्या वक्त्याने प्राचार्यांचे आभार मानले, तर आपण ते वाक्य गाळायचे.

कोऱ्या ओळी दिवसभरात भरल्या. बीजभाषण करणाऱ्या सरांनी हातातला निबंध बाजूला ठेवून पहिल्या वर्षाच्या मुलीच्या एका प्रश्नाला दहा मिनिटे दिली होती. ‘नावाने शेख, मग अभंग कसे?’ हा तो प्रश्न. आभारात मी एवढेच म्हणालो, “सर, तो प्रश्न आम्हा अनेकांना घरी-दारी विचारला जातो. आज तो प्रेमाने विचारला गेला आणि तुम्ही तितक्याच प्रेमाने उत्तर दिलेत.” सभागृह शांत झाले. वार शुक्रवार होता. मॅडमनी मधली सुट्टी न सांगता सव्वादोनपर्यंत ठेवली होती. जुम्याला जाता आले. तेही एका वाक्यात सांगितले.

शेवटी सेवक मामांचे पूर्ण नाव घेतले. सकाळी सातला सभागृह उघडून त्यांनी दीडशे खुर्च्या लावल्या होत्या. एकूण अडीच मिनिटे लागली. लगेच राष्ट्रगीत झाले. कोणी मधूनच उठले नव्हते.

बाहेर एक सहकारी रुसले होते. “फलकावर आहे नाव,” मी म्हणालो. “फलक कोण वाचतो?” ते म्हणाले. खोटे नव्हते ते. मी माफी मागितली.

मामा खुर्च्या उचलत होते. म्हणाले, “सर, आडनाव बरोबर घेतलंत. पगारपत्रकावर अजून चुकीचंच येतं.”