पाटीवर कोणतं साल लिहायचं?

मागच्या रविवारी अल्फारेटाच्या आपल्या वर्गात मुलं जोतीराव फुल्यांच्या पुण्यातल्या मुलींच्या शाळेचा तक्ता करत होती. एकीने स्थापनेचं साल १८४८ लिहिलं, दुसऱ्याने १८५१, तिसरा म्हणाला १८५४. मुलं माझ्याकडे बघू लागली. मी मराठी शाळेत शिकले आणि पुढे मराठी शाळेतच शिकवलं. मुलांना दर वर्षी १८४८ सांगत आले, पण कशावरून, हे मला कधी कोणी विचारलंच नव्हतं.

गंमत म्हणजे १८५४ हे साल खुद्द जोतीरावांनी दिलेलं आहे. १८८२ साली हंटर शिक्षण आयोगाला दिलेल्या निवेदनात त्यांनी 'सुमारे १८५४' असं म्हटलं. मग तेच खरं धरायचं का? तर नाही. १६ नोव्हेंबर १८५२ रोजी विश्रामबागवाड्यात मुलींच्या शाळांसाठी सरकारने त्यांचा जाहीर सत्कार केला होता. शाळा १८५४ ला निघाली असती, तर सत्कार दोन वर्षं आधी कसा झाला? तीस वर्षांनंतर आठवून सांगितलेल्या सालापेक्षा त्या वेळची नोंद अधिक भरवशाची. जोतीराव खोटं बोलले नाहीत, त्यांनी 'सुमारे' म्हटलं होतं.

उरलेली दोन्ही सालं बरोबर आहेत, कारण त्या दोन वेगळ्या शाळा. बुधवार पेठेतल्या भिडेवाड्यातली पहिली १८४८ ची. चिपळूणकरांच्या वाड्यातली ३ जुलै १८५१ ची. भिडेवाड्याची तारीख सहसा १ जानेवारी सांगतात, पण चरित्रकार धनंजय कीर ऑगस्ट महिना देतात. म्हणून तक्त्यावर आम्ही नुसतं १८४८ लिहिलं.

शिक्षकांची नावं शोधताना मात्र हात आखडता घ्यावा लागला. चिपळूणकरवाड्यातल्या शाळेत सावित्रीबाई मुख्य शिक्षिका होत्या, सोबत विष्णू मोरेश्वर आणि विठ्ठल भास्कर. फातिमा हे नाव सावित्रीबाईंनी १० ऑक्टोबर १८५६ ला नायगावहून जोतीरावांना लिहिलेल्या पत्रात येतं, तेही ओझरतं. आपल्यामागे कामाचा भार तिच्यावर पडला असेल, ही काळजी त्यात दिसते. फातिमा शेख यांच्याबद्दल आज बरंच काही सांगितलं जातं, पण त्यांच्या जन्मतारखेला त्या काळच्या कागदाचा आधार नाही. मुलांनी ती खोडली.

आपल्याकडे हाईम सॅम्युएल केहिमकरांनी १८७५ साली मुंबईत इस्रायली शाळा काढली. त्यांनी आपल्या समाजाचा इतिहास १८९७ साली लिहून ठेवला, म्हणून ती हकीकत आपल्याला शोधता येते. पण तिथे शिकवणाऱ्या प्रत्येकाचं नाव एका पुस्तकात कसं मावणार? ज्यांच्या घरी आजीआजोबांचे शाळेचे दाखले, प्रगतिपुस्तकं किंवा वर्गाचे फोटो असतील, त्यांनी पुढच्या रविवारी आणावेत. फोटोतल्या बाईंचं नाव ज्यांना ठाऊक आहे त्यांनी ते मागे पेन्सिलीने लिहावं, आणि कोणी सांगितलं तेही लिहावं.