पाच वर्षांत वसूल, पण कुणाच्या पैशाने?

आमच्या सोसायटीच्या गच्चीवर सोलर बसवायचं चाललंय. कोटेशनच्या शेवटच्या पानावर ठळक अक्षरांत लिहिलंय, 'पेबॅक ५ वर्षं'. हिशोब सरळ आहे. खर्च ५ लाख, कॉमन लाइटबिलात वर्षाला बचत १ लाख, भागाकार केला की झालं. मीटिंगमध्ये सगळे खूश!

आता समजा, हे ५ लाख आपण १० टक्क्यांनी कर्जाऊ घेतले आणि दरवर्षी वाचलेला लाख रुपया हप्ता म्हणून भरला. पहिल्या वर्षी व्याजच ५० हजार, म्हणजे वर्षाअखेर बाकी साडेचार लाख. दुसऱ्या वर्षाअखेर ३ लाख ९५ हजार. असं करत पाचवं वर्ष संपतं, म्हणजे कोटेशनप्रमाणे पैसे 'वसूल' होतात, तेव्हा बँकेचे अजून जवळजवळ १ लाख ९५ हजार देणं असतं! कर्ज फिटतं ते आठव्या वर्षात.

हाच डिस्काउंटेड पेबॅक. साधा पेबॅक पाचव्या वर्षीचा लाख आणि आजचा लाख एकच धरतो. इथे प्रत्येक वर्षाच्या बचतीला १.१ ने तितक्या वेळा भागून तिची आजची किंमत काढायची. पहिल्या वर्षीचे ९०,९०९, पाचव्या वर्षीचे फक्त ६२,०९२. ही बेरीज ५ लाखांवर कधी जाते ते बघायचं. दरवर्षीची बचत सारखी असेल, तर एक्सेलमध्ये एका ओळीत होतं:

```
=NPER(10%,100000,-500000)
```

उत्तर ७.२७. आता बचत ४५ हजार टाकून बघा. साधा पेबॅक म्हणेल, अकरा वर्षांत वसूल. एक्सेल म्हणतं `#NUM!`. बरोबरच आहे. व्याज ५० हजार आणि हप्ता ४५ हजार, मग कर्ज फिटणार कसं? ते वाढतच जाणार. साधा भागाकार मात्र अशा प्रोजेक्टलाही निमूटपणे एक तारीख देऊन टाकतो, आणि माझा खरा राग त्यावरच आहे.

"पण आपण कर्ज कुठे काढतोय? सोसायटीचेच पैसे आहेत," असं आमचे एक काका म्हणालेच. ठीक आहे काका, पण ते पैसे एफडीत आहेत ना? मग १० टक्के नको, एफडीचा दर लावा. दर कमी घेतला की तारीख पाच वर्षांकडे सरकते, एवढंच. त्यामुळे वाद घालायचा तर तो दरावर घालावा.

एक गोष्ट मात्र या पद्धतीलाही दिसत नाही, ती म्हणजे वसुलीनंतरचं. पॅनेल पंचवीस वर्षं चालतात, इन्व्हर्टर मध्येच कधीतरी बदलावा लागतो, आणि ७.२७ या आकड्यात यातलं काहीच नाही. त्यासाठी सगळ्या वर्षांची आजची किंमत मांडून एनपीव्ही काढावा लागतो. ती शीट रविवारच्या मीटिंगला घेऊन जातोय.