कोणासाठी, कशासाठी, काय आवडलं

चंद्रपूर

चि. छोटीस,


‘जंगलावरची चांगली पुस्तकं सुचवा’ एवढंच तू सगळ्यांना लिहिलंस, आणि बहुतेकांनी ‘प्रकाशवाटा’ सुचवलं. ते तर तुझं वाचून झालंय. यात त्यांचा दोष नाही. आपल्याकडे जंगल म्हटलं की कोणाला ताडोब्याचा वाघ आठवतो, कोणाला हेमलकसा, कोणाला मेंढा-लेखाचा बांबू. तुला यातलं काय हवंय ते कळलं नाही, की माणूस सर्वांना ठाऊक असलेलं नाव सांगून मोकळा होतो.

काहींनी मात्र उलट विचारलं, ‘कोणासाठी हवंय? आधी काय वाचलंस?’ ती उत्तरं नीट जपून ठेव. विनंतीत नेमकं काय राहिलं ते त्यांनीच दाखवलंय. सातवीच्या मुलांना वर्गात वाचून दाखवायचंय, त्यांच्या घरी गोंडी बोलतात, हे तू मला फोनवर सांगितलंस. पत्रात त्यातलं काहीच नाही.

आवडही कारणासकट सांग. नुसतं ‘माडगूळकरांचं नागझिरा आवडलं’ म्हटलंस तर कोणी शिकारकथा सुचवेल, कोणी प्रवासवर्णन. त्यातलं शांत बसून पाहणं आवडलं, असं म्हटलंस की शिकारकथा आपोआप गळतात. न जमलेलं पुस्तकही सांग. त्याचा उपयोग बहुधा जास्त होतो.

मी असं लिहिलं असतं:

‘धानोरा तालुक्यात सातवीच्या वर्गाला वाचून दाखवण्यासाठी मराठी पुस्तक हवं आहे. मुलांची घरची भाषा गोंडी आहे, म्हणून वाक्यं सोपी आणि एका तासिकेत संपणारे लेख हवेत. “नागझिरा”मधलं निवांत निरीक्षण मला आवडलं. “पक्षिकोश” संदर्भाला उत्तम, पण सलग वाचून दाखवता येत नाही. “प्रकाशवाटा” वाचलं आहे. एकच पुस्तक सुचवा आणि त्यातला कोणता भाग आधी वाचावा तेही सांगा.’

अटी याहून वाढवू नकोस. प्रकाशन, किंमत, पानं असं सगळं घातलंस तर त्या अटींत बसणारं पुस्तक कोणालाच आठवणार नाही. शेवटचं वाक्य मात्र गाळू नकोस. कोणता भाग, असं विचारलं की पुस्तक न वाचलेला माणूस सहसा नाव सुचवत नाही.

या विनंतीला माझं उत्तर चितमपल्लींचं ‘रानवाटा’. लेख सुटे आहेत, आणि ते स्वतः वनाधिकारी होते, त्यामुळे रान आतून पाहिलेलं आहे. वर्गात नेण्याआधी एकेक लेख मोठ्यानं वाचून बघ. जिथे तुझी जीभ अडखळेल तिथे मुलांचं लक्ष सुटेल. माडगूळकरांचं ‘सत्तांतर’ वानरांवरचं आहे, पण त्यातली हिंसा पाहता आधी तू एकटीनं वाच. मिलिंद बोकिलांचं ‘गोष्ट मेंढा गावाची’ तुझ्यासाठी वेगळं पाठवतो. ते गाव तुझ्याच तालुक्यातलं, तेव्हा मुलांशी बोलताना कामी येईल.

नवी विनंती पाठवण्याआधी मला दाखव. वाचून मला काही विचारावंसं वाटलं, तर ते त्यात घालू.

तुझा
मामा