क्रिएटिनिन नॉर्मल असतानाही

माझ्याकडे पहिल्यांदा येणारे बरेच रुग्ण हातात एक रिपोर्ट घेऊन येतात आणि क्रिएटिनिनच्या आकड्यावर बोट ठेवून विचारतात, "हे तर नॉर्मल आहे ना, डॉक्टर?" मूत्रपिंडाच्या आजाराची पहिली खूण मात्र बहुतेक वेळा रक्तात नसते. ती लघवीत असते.

प्रत्येक मूत्रपिंडात साधारण 10 लाख सूक्ष्म गाळण्या असतात. दोन्ही मिळून दिवसाला जवळजवळ 180 लिटर द्रव गाळला जातो, आणि त्यातला दीड-दोन लिटर सोडून बाकी सगळा शरीर परत शोषून घेते. रक्तातले अल्ब्युमिन हे प्रथिन या गाळणीतून सहसा निसटत नाही. मधुमेह, उच्च रक्तदाब किंवा गाळणीची सूज यांनी तिची भोके सैल झाली की अल्ब्युमिन लघवीत उतरू लागते. प्रथिनामुळे पाण्याचा पृष्ठताण कमी होतो, म्हणून फेस येतो आणि तो टिकतो.

सगळाच फेस आजाराचा नसतो. खूप वेळ थांबून जोराने लघवी केली, पाणी कमी प्यायल्याने ती गडद झाली किंवा भांड्यात फिनेलचा अंश राहिला असला तरी फेस येतो. असा फेस मोठ्या बुडबुड्यांचा असतो आणि लवकर विरतो. बारीक, साबणासारखा थर अनेक मिनिटे तसाच राहत असेल आणि हे रोज घडत असेल, तर तपासणी करायलाच हवी. मात्र गळती थोडी असताना फेस येतच नाही, म्हणून फेस नसणे हा निरोगीपणाचा पुरावा मानू नये.

सकाळी डोळे सुजण्याचे कारणही याच गळतीशी जोडलेले आहे. मूत्रपिंड मीठ धरून ठेवू लागले की त्याबरोबर पाणीही अंगात साचते. दिवसभर ते पायांकडे उतरते. रात्री आडवे झाल्यावर चेहऱ्याकडे सरकते आणि पापण्यांची त्वचा सैल असल्याने तिथे आधी दिसते. म्हणून सकाळी डोळे सुजलेले आणि संध्याकाळी मोज्याचा वळ घोट्यावर खोल उमटलेला, अशी जोडी दिसली की मी सावध होतो. ॲलर्जीच्या सुजेत खाज आणि लाली असते. या सुजेत सहसा दोन्ही नसतात. लहान मुलांमध्ये ही सूज कितीतरी दिवस ॲलर्जी समजून चालवली जाते, लघवी तपासायचे कुणाला सुचत नाही.

सातारा जिल्ह्यातल्या एका 46 वर्षांच्या शिक्षिकेची केस यासाठी बोलकी आहे. सहा वर्षांचा मधुमेह, गुडघेदुखीसाठी अधूनमधून डायक्लोफिनॅक, सकाळी सुजणारे डोळे आणि शाळेतून आल्यावर येणारा थकवा. डोळ्यांसाठी ॲलर्जीच्या गोळ्या घेऊन झाल्या होत्या. सोनोग्राफी नॉर्मल, क्रिएटिनिन 1.1, आणि दुपारी दिलेल्या लघवीच्या साध्या तपासणीत अल्ब्युमिन 'ट्रेस', म्हणजे किंचित. किडनी ठीक आहे, असे त्यांना सांगण्यात आले होते.

या तीन रिपोर्टांपैकी एकही चुकीचा नव्हता, पण प्रत्येकाची एक मर्यादा होती. क्रिएटिनिन स्नायूंमधून तयार होते, त्यामुळे एकच आकडा वेगवेगळ्या माणसांत वेगळे सांगतो. वय आणि लिंग धरून त्यावरून गाळण्याचा अंदाज काढतात, त्याला ईजीएफआर म्हणतात. 25 वर्षांच्या तरुणात 1.1 क्रिएटिनिन म्हणजे ईजीएफआर सुमारे 95. या बाईंच्या बाबतीत तो 63 च्या आसपास येतो. सोनोग्राफी मूत्रपिंडाचा आकार, मुतखडा, अडथळा दाखवते, गाळणीतली गळती नाही. आणि लघवीत बुडवायची पट्टी मोजते ती फक्त तीव्रता. भरपूर पाणी प्यायल्यावर लघवी पातळ झाली की अल्ब्युमिनही पातळ होते आणि पट्टीला कमी दिसते.

यावर उपाय म्हणजे युरिन एसीआर, अर्थात त्याच नमुन्यातल्या अल्ब्युमिनचे क्रिएटिनिनशी गुणोत्तर. पाण्याने दोन्ही सारखेच पातळ होतात, म्हणून गुणोत्तर बदलत नाही. बाईंच्या नमुन्यात 100 मिलिलिटरमागे अल्ब्युमिन 24 मिलिग्रॅम होते. एवढ्यावर पट्टी 'ट्रेस' म्हणणे स्वाभाविकच. पण क्रिएटिनिन फक्त 40 मिलिग्रॅम होते, म्हणजे लघवी पातळ होती. 24 भागिले 40, गुणिले 1000: एसीआर 600 मिलिग्रॅम प्रति ग्रॅम. 30 च्या खाली असेल तर ठीक, 30 ते 300 ही वाढ, आणि 300 च्या वर गळती मोठी.

एका रिपोर्टवर निदान करत नाहीत. ताप, लघवीचा संसर्ग, जोराचा व्यायाम किंवा अनियंत्रित साखर यांनीही आकडा तात्पुरता वाढतो, आणि पाळीच्या दिवसांत नमुना देऊ नये. सकाळची पहिली लघवी, सुरुवातीची धार सोडून मधली, लॅबच्या स्वच्छ डबीत. तीन महिने बिघाड टिकला तर तो दीर्घकालीन आजार. अर्थात 600 असताना उपचार थांबवून ठेवत नाहीत. बाईंचा पुढचा नमुनाही तसाच आला, रक्तदाब 148/92 होता आणि डोळ्यांच्या पडद्यावर मधुमेहाचे बदल दिसले. त्यामुळे मधुमेहाचे मूत्रपिंड हेच निदान पुढे आले.

थकव्याचे कारण मात्र वेगळे निघाले. हिमोग्लोबिन 9.8 होते आणि लोह कमी होते. मूत्रपिंडामुळे येणारा रक्तक्षय सहसा काम बरेच उतरल्यावर येतो. म्हणून या टप्प्यातल्या थकव्यासाठी मी हिमोग्लोबिन, थायरॉइड आणि साखर आधी पाहतो.

डायक्लोफिनॅक बंद केले, मीठ दिवसाला एका चहाच्या चमच्याहून कमी केले. त्यात लोणचे, पापड, फरसाणही मोजले. टेल्मिसार्टन सुरू केले, पुढे डॅपाग्लिफ्लोझिन जोडले. दोन आठवड्यांनी क्रिएटिनिन 1.1 चे 1.2 झाले तेव्हा त्या घाबरल्या. ही औषधे गाळणीवरचा दाब उतरवतात, म्हणून सुरुवातीला 30 टक्क्यांपर्यंत वाढ चालते. पोटॅशियम तेवढे तपासावे लागते. अशा वेळी स्वतःहून गोळी बंद केली तर सगळा फायदा जातो. काही महिन्यांनी एसीआर 210 वर आला आणि सकाळची सूज गेली. आजार संपलेला नाही, पण त्याची गती कमी झाली आहे.

मधुमेह किंवा रक्तदाब असलेल्याने वर्षातून एकदा तीन गोष्टी कराव्यात: रक्तदाब मोजणे, सकाळच्या लघवीचा एसीआर आणि ईजीएफआरसह क्रिएटिनिन. टिकणारा फेस किंवा सकाळची सूज असेल तर मधुमेह नसतानाही याच तपासण्या लगेच कराव्यात. सोबत डॉक्टरांना हेही सांगावे, की वेदनाशामके किती घेतो, कोणते चूर्ण-भस्म चालू आहे, आणि गोरे करणारे क्रीम लावतो का. काही क्रीममध्ये पारा असतो आणि त्यानेही गाळणी सुजते. असे क्रीम वेळेत थांबवले तर अनेकदा गळतीही थांबते. चिठ्ठीवर नुसते 'किडनी टेस्ट' लिहिलेले असेल तर एसीआर त्यात आहे का, हे लॅबमध्ये नक्की विचारा. अनेकदा तो नसतो.