आधी पूर्वपक्ष

नीतिशास्त्राचे निबंध तपासायला घेतले की एक वाक्य हमखास भेटतं. विषय असतो ‘मूत्रपिंडविक्रीला कायद्याने परवानगी द्यावी का?’ आणि विद्यार्थी लिहितो, ‘विक्रीच्या समर्थकांना गरिबांच्या शरीराचा बाजार मांडायचा आहे.’ पुढे दोन पानं आगपाखड. मत मला पटतं, तरी गुण बेताचेच पडतात, कारण त्याने बुजगावण्याशी कुस्ती केलेली असते.

आपल्या शास्त्रग्रंथांत आधी पूर्वपक्ष मांडायची रीत आहे. इथला खरा पूर्वपक्ष जॅनेट रॅडक्लिफ रिचर्ड्स या ब्रिटिश तत्त्वज्ञ मांडतात, त्या धाटणीचा आहे. मूत्रपिंड देण्याची जोखीम आपण नातेवाइकांना घेऊ देतो. पैशासाठी खाणीत उतरण्याची जोखीमही घेऊ देतो. मग पैशासाठी मूत्रपिंड देण्यालाच बंदी का? गरिबाकडे मुळात पर्याय थोडे. त्यातला एक काढून घ्यायचा आणि त्याला त्याचं रक्षण म्हणायचं, हे कसं?

एवढं लिहिलं की ‘हे शोषण आहे’ हे उत्तर तोकडं पडतं. शोषण होतं हे समर्थकही मान्य करतील. बंदीने गरिबाची स्थिती सुधारत नाही, एवढंच त्यांचं म्हणणं. म्हणजे घाव घालायचा तो ‘जास्त पर्याय म्हणजे फायदाच’ या गृहीतकावर. मजबूत पूर्वपक्ष लिहिण्याचा उपयोग हाच: टीका नेमकी कुठे करायची ते कळतं.

आता पुरावा कामाला येतो. मूत्रपिंड विकलेल्या चेन्नईतल्या ३०५ जणांचा अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. जवळपास सगळ्यांनी कर्ज फेडायला विक्री केली होती. तरी तीन चतुर्थांश लोक नंतरही कर्जातच होते आणि कुटुंबाचं उत्पन्न सरासरी एक तृतीयांशाने घटलं होतं. हुशार विद्यार्थी इथे थांबत नाही. समर्थक म्हणेल, ‘हा दलालांचा बाजार होता, नियम असते तर असं झालं नसतं.’ हे उत्तर तो प्रामाणिकपणे लिहितो आणि दुसरा मुद्दा काढतो: मूत्रपिंड विकता येतं म्हटल्यावर सावकार तेही मालमत्तेत मोजू लागेल. मग ज्याला विकायचं नाही, त्याच्यावरही दबाव येईल. हा आक्षेप नियमांच्या बाजारालाही लागू पडतो. असा निबंध वरच्या श्रेणीत जातो, कारण तपासणाऱ्याला आकलन आणि मूल्यमापन दोन्ही दिसतात.

चूक दोन ठिकाणी होते. काहीजण पूर्वपक्षातच निम्मा निबंध घालवतात. हजार शब्दांत त्याला अडीचशे पुरतात. काहीजण पूर्वपक्ष उत्तम मांडतात, पण टीका करताना पुन्हा बुजगावण्याकडेच वळतात. म्हणून प्रत्येक आक्षेपासमोर समासात लिहावं, तो पूर्वपक्षाच्या कोणत्या वाक्याला लागतो. असं वाक्य सापडलं नाही, तर तो आक्षेप खोडावा.

आणि पूर्वपक्षाचा परिच्छेद विरुद्ध मताच्या मित्राला वाचून दाखवा. ‘मला हेच म्हणायचं होतं,’ असं तो म्हणाला, तरच पुढचं पान उलटा.