प्रस्तावनेला नाही म्हणताना

सौंसरच्या एका मित्राचं माझ्यावर ऋण आहे, आणि ते वाचनाचं आहे. माझ्या पहिल्या पुस्तकाचं हस्तलिखित त्याने पेन्सिल हातात धरून वाचलं होतं. पांढुर्ण्याच्या गोटमारीवर मी एक प्रकरण लिहिलं होतं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पळसाचं झाड रोवतात, त्यावर झेंडा लावतात आणि अलीकडून पांढुर्ण्याचे, पलीकडून सावरगावचे लोक दगड फेकतात. ही प्रथा पळून जाणाऱ्या प्रेमी जोडप्यापासून सुरू झाली, असं मी ठोकून दिलं होतं. समासात त्याने लिहिलं, ‘कोणी सांगितलं? कोणत्या काठावरच्याने?’ भोसल्यांच्या सैन्याशी जोडलेली दुसरी कथाही लोक सांगतात, हे त्याने खाली नोंदवलं. मग मी दोन्ही कथा कथा म्हणूनच दिल्या. त्या प्रकरणाला कोणी नावं ठेवली नाहीत, याचं श्रेय त्या पेन्सिलीला.

त्याच माणसाचा नागपूरला मला फोन आला. सौंसर-पांढुर्ण्यावरचं त्याचं पुस्तक तयार झालं होतं, प्रस्तावना मी लिहायची होती. फाइल मोबाइलवर येऊन पडली. मजकुराचे फॉर्म छपाईला निघाले होते. प्रस्तावनेची पानं वेगळ्या आकड्यांनी मोजतात, म्हणून ती शेवटी आली तरी चालते. मुखपृष्ठावर मात्र ‘प्रस्तावना’ या शब्दापुढे नाव घालायचं होतं, आणि त्यासाठी प्रकाशक थांबला होता.

मी मनोगत वाचलं, पहिली दोन प्रकरणं वाचली, बाकीची पानं नुसती सरकवली. एवढ्या शिदोरीवर प्रस्तावना सहज लिहिता येते. अशा कितीतरी छापून आलेल्या आहेत. त्या ओळखूही येतात. लेखकाच्या स्वभावाचं कौतुक ऐसपैस असतं, अनुक्रमणिकाच वाक्यांत मांडलेली असते, दाखले सगळे पहिल्या प्रकरणातले असतात आणि एकाही विधानाशी मतभेद नसतो.

पण या पुस्तकात मधलीच प्रकरणं नाजूक होती. 1 नोव्हेंबर 1956 रोजी विदर्भाचे मराठी जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि छिंदवाडा जिल्ह्याबरोबर सौंसर, पांढुर्णा मध्य प्रदेशात राहिले. तसं का झालं, याची त्याने कारणं मांडली होती. ती पटतात की नाही, हे पुरावे ताडून पाहिल्याशिवाय मला सांगता येत नव्हतं. पुण्याच्या वाचकाला हा मुलूख ठाऊक नसतो. प्रस्तावनेखालची सही पाहून तो विश्वास टाकतो. शिवाय वाचलेल्या दोन प्रकरणांतच एक खूण दिसली. पहिल्यात एक गाव ‘छिंदवाडा जिल्ह्यात’ होतं, दुसऱ्यात तेच ‘पांढुर्णा जिल्ह्यात’. नवा जिल्हा 2023 मध्ये झाला. लिखाण त्याआधीपासून चाललेलं. म्हणजे सगळा मजकूर एकदा कोणीतरी सलग वाचायला हवा होता, आणि छपाईच्या मुदतीत माझ्याकडून ते होणार नव्हतं.

त्याच संध्याकाळी फोन केला. उशिरा दिलेला नकार लेखकाला जास्त महागात पडतो. तोवर मुखपृष्ठ तयार होतं आणि दुसऱ्या कोणाला विचारायलाही वेळ उरत नाही. तब्येतीचं किंवा कामाचं निमित्त केलं नाही, कारण निमित्त सांगितलं की समोरचा मुदत वाढवून देतो. काय वाचलं आणि काय वाचलं नाही, तेवढं सांगितलं.

“काहून रे? दोनच पानं तं पायजेत. तू मले वळखत नाईस का?”

“तुला ओळखतो, पुस्तकाला नाही ओळखत.”

तो गप्प झाला. मग म्हणाला, “बरं, मलपृष्ठावर चार ओळी तरी दे.” पाठराखणीलाही मी नाही म्हटलं, ओळी कमी झाल्या तरी त्याखालची सही तेवढीच असते. जिल्ह्याच्या नावाचा घोळ मात्र लगेच सांगितला. आणि पांढुर्ण्यातल्या एका निवृत्त शिक्षकांचं नाव सुचवलं, ज्यांनी त्याची बहुतेक प्रकरणं लिहिली जात असतानाच वाचली होती. “त्यायले कोण वळखते?” हा त्याचा प्रश्न रास्त होता. मोठ्या नावाने पुस्तक उचललं जातं, हे खोटं नाही. पण नाव मोठं असलं तरी कष्ट चुकत नाहीत. 1972 साली आलेल्या नामदेव ढसाळांच्या ‘गोलपिठा’ला विजय तेंडुलकरांची प्रस्तावना आहे. ती लिहिण्याआधी तेंडुलकर कवीबरोबर रात्री कामाठीपुऱ्यात हिंडून आले होते.

पुस्तक प्रस्तावनेविना निघालं. त्याची प्रत त्याने पाठवली, वर एक अक्षरही न लिहिता. मी ती पेन्सिल घेऊन वाचली आणि पानांच्या आकड्यांसकट शंका कळवल्या; 1956च्या प्रकरणावर सगळ्यात जास्त. त्यातल्या निम्म्या त्याने खोडून काढल्या, पुराव्यानिशी. उरलेल्यांवर आमचं भांडण अजून चालू आहे. दुसरी आवृत्ती निघाली तर प्रस्तावना मी लिहावी, असं आता त्याने पुन्हा सुचवलंय. मी होकार दिलाय. अट त्याचीच आहे : जे पटलं नाही, तेही त्यात यायला हवं.