साताचा पाढा आणि रिकामी मात्रा

लहान मुलांच्या वर्गात दाखवावयाच्या चित्रफितीसाठी पाढ्याची संहिता लिहावयास बसले म्हणजे शब्दांच्या आधी मात्रांचा हिशेब मांडावा लागतो. आणि दहापर्यंतच्या पाढ्यांत साताच्या पाढ्याइतका हट्टी पाढा मला दुसरा आढळलेला नाही.

ओळ चार मात्रांची धरावी, हा माझा शिरस्ता. 'सात'वर दोन्ही हात मांडीवर पडतात, 'दुणे'वर पुन्हा मांडीवर, 'चौदा'वर टाळी वाजते आणि चौथी मात्रा रिकामी राहते. मिनिटाला 60 मात्रांची संथ गती ठेवली, तर एक ओळ चार सेकंदांत पुरी होते. परंतु ही रिकामी मात्राच वर्गाला जड जाते. हातांना काम नसले की मुले ती गिळून पुढच्या 'सात'वर झेप घेतात, आणि पडद्यावरील बाईंची तिसरी ओळ संपते न संपते तोच वर्ग चौथीत शिरलेला असतो. समोर उभी असलेली शिक्षिका अशा वेळी सावरून घेईल, पण चित्रफीत कोणासाठी थांबत नाही. म्हणून मी संहितेत ताकीद घालते, की ताल धरणारा गवई खालीच्या मात्रेला जसा हात उलटा करतो, तसे चौथ्या मात्रेला दोन्ही तळवे उघडून बाजूला न्यावेत. हात फिरू लागले की विसावाही पाळला जातो.

'अठ्ठावीस', 'पस्तीस', 'बेचाळीस' ही एकेका टाळीत मावतात. 'सात साते'ला मात्र लय अडखळते, कारण 'एकोणपन्नास' घाईने उच्चारताना मुले त्याचा आरंभच खाऊन टाकतात. तिथे टाळीवर 'एकोण' आणि उघड्या तळव्यांवर 'पन्नास' अशी विभागणी करावी लागते. मग श्वासाची जागा नाहीशी होते, तिच्याऐवजी पुढे चार मात्रांची एक संपूर्ण मूक ओळ घालण्याची तजवीज मी ठेवते. दहा ओळी आणि ही अकरावी मिळून आवर्तन 44 सेकंदांचे होते. त्या मूक ओळीत पडद्यावर सात ठिपक्यांच्या सात रांगा स्थिर राहतात, आणि मुलांना त्या निवांत पाहता येतात.

लयीत पाढा बसला, तरी तो आला असे मी समजत नाही. तिसऱ्या आवर्तनात क्रम मोडून पडद्यावरून नुसते 'सात आठे' उच्चारले जाते आणि टाळीची मात्रा वर्गासाठी सोडलेली असते. ज्या मुलाचे ओठ त्या वेळी 'सात एके'पासून हलू लागतात, त्याचे 'छप्पन्न' टाळी उलटून गेल्यावर येते. त्याला साखळी आली आहे, कडी आलेली नाही. अशा मुलांसाठी पुढील दृश्यात पस्तीस ठिपके पाच रांगांत आधीच मांडलेले असतात, आणि प्रत्येक टाळीसरशी एकेक रांग वाढत जाते: बेचाळीस, एकोणपन्नास, छप्पन्न.